शिकाकुत शेवटी घरे नेमकी उरतात, पण त्यांचा आयत होत नाही: चूक कुठे शोधावी

शिकाकु सोडवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येते. नऊपैकी आठ आयत नीट आखून झालेले असतात, कोणताही आयत दुसऱ्यावर चढलेला नसतो, प्रत्येक आयतात एकच आकडा असतो आणि घरांची संख्या त्या आकड्याशी जुळत असते. शेवटचा आकडा ६ असतो आणि जाळीत नेमकी सहाच घरे उरलेली असतात. मात्र ती सहा घरे अशी वेडीवाकडी पसरलेली असतात की त्यांच्याभोवती एक आयत काही केल्या आखता येत नाही. मग शेवटचे दोनतीन आयत खोडून वेगळ्या रीतीने आखले जातात, पुन्हा तेच होते, आणि अखेर सगळी जाळी पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ही अडचण का येते, मूळ चूक नेमकी कुठे झाली हे कसे ओळखावे आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, हे एका लहान कोड्याच्या आधारे पाहू.

नियम थोडक्यात असे आहेत. ‘शिकाकु’ या जपानी शब्दाचा अर्थ चौकोन असा आहे. जपानच्या निकोली या कोडी प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेने हा प्रकार रूढ केला. जाळीतील सर्व घरे आयतांमध्ये अशी वाटायची की प्रत्येक आयतात नेमका एक आकडा यावा, त्या आयतातील घरांची संख्या त्या आकड्याइतकी असावी आणि एकही घर बाहेर राहू नये. चौरस हाही आयतच धरला जातो. या नियमांतील ‘नेमका एक आकडा’ ही अट बहुतेकांना पाठ असते, पण तिचा पुरेसा उपयोग फार थोडे जण करतात. पुढे दाखवलेली चूक मुख्यतः त्यातूनच घडते.

कोडे असे आहे. ओळी वरून खाली आणि स्तंभ डावीकडून उजवीकडे मोजावेत. घराचा उल्लेख करताना ओळ आधी आणि स्तंभ नंतर लिहिला आहे, म्हणजे (३,४) हे तिसऱ्या ओळीतील चौथे घर होय.

```
     १  २  ३  ४  ५  ६
१    .  .  .  .  ३  .
२    .  ६  .  .  .  .
३    .  .  .  ४  .  .
४    .  .  ६  .  .  ४
५    ४  .  .  ४  .  .
६    .  .  ३  .  .  २
```

सर्व आकड्यांची बेरीज ३६ आहे आणि सहा गुणिले सहाच्या जाळीत घरेही ३६ आहेत, म्हणजे कोडे उतरवून घेताना चूक झालेली नाही. ६ दोनदा, ३ दोनदा आणि ४ चारदा आल्यामुळे नुसत्या आकड्यांनी उल्लेख केल्यास गोंधळ होईल. म्हणून ओळीने वाचत गेल्यावर जे आकडे भेटतात त्यांना अक्षरे देऊ: (१,५) वरचा ३ म्हणजे क, (२,२) वरचा ६ म्हणजे ख, (३,४) वरचा ४ म्हणजे ग, (४,३) वरचा ६ म्हणजे घ, (४,६) वरचा ४ म्हणजे च, (५,१) वरचा ४ म्हणजे छ, (५,४) वरचा ४ म्हणजे ज, (६,३) वरचा ३ म्हणजे झ आणि (६,६) वरचा २ म्हणजे ट.

अडचण कशी उभी राहते

सोडवणारा साधारणपणे कोपऱ्यापासून सुरुवात करतो, आणि त्यात गैर काही नाही. (१,१) या कोपऱ्यातील घरापर्यंत ख शिवाय दुसरा कोणताही आकडा पोहोचू शकत नाही, हे लगेच दिसते. ख चा आयत (१,१) आणि (२,२) या दोन्ही घरांना सामावून घेणारा हवा, म्हणजे तो किमान दोन ओळींचा आणि दोन स्तंभांचा असला पाहिजे. सहा घरांच्या अशा दोनच मांडण्या होतात: पहिल्या दोन ओळींत तीन स्तंभ रुंद, किंवा पहिल्या तीन ओळींत दोन स्तंभ रुंद. समजा, सोडवणाऱ्याने दुसरी निवडली. त्या क्षणी ती निवड चुकीची असल्याचे जाळीवर कुठेही दिसत नाही.

यानंतर सगळे सुरळीत होत जाते. (१,३) हे घर आता क शिवाय कोणालाच घेता येत नाही, म्हणून क पहिल्या ओळीत तिसऱ्यापासून पाचव्या स्तंभापर्यंत जातो. त्यामुळे (१,६) हे घर च कडे जाते आणि च सहाव्या स्तंभात वरपासून चौथ्या ओळीपर्यंत उभा राहतो. खाली उरलेली (५,६) आणि (६,६) ही दोन घरे ट ला दिली जातात. (६,५) झाकण्यासाठी झ तळाच्या ओळीत तिसऱ्यापासून पाचव्या स्तंभापर्यंत ओढला जातो. तळाचा डावा कोपरा उघडा राहू नये म्हणून छ चा चौरस शेवटच्या दोन ओळींत बसतो. ग आणि ज यांचे चौरस तर आपोआपच जागी पडतात. आठ आयत झाले आणि घ चा ६ तेवढा राहिला.

```
     १  २  ३  ४  ५  ६
१    ख  ख  क  क  क  च
२    ख  ख  .  ग  ग  च
३    ख  ख  .  ग  ग  च
४    .  .  .  ज  ज  च
५    छ  छ  .  ज  ज  ट
६    छ  छ  झ  झ  झ  ट
```

घरे नेमकी सहा उरली आहेत. त्यांतील चार तिसऱ्या स्तंभात एकाखाली एक आहेत, आणि उरलेली दोन चौथ्या ओळीत डावीकडे आडवी बाहेर आली आहेत. या आकाराचा आयत होणे शक्य नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार दिशाभूल करतो. ‘घरे बरोबर सहाच उरली, म्हणजे मी जवळजवळ पोहोचलो आहे आणि कुठेतरी किरकोळ फेरफार करायचा आहे’ असे अशा वेळी वाटते. वास्तविक सहा घरे उरण्यात काहीच विशेष नाही. एकूण बेरीज ३६ आहे, आठ आयतांनी आपापल्या आकड्याइतकी घरे घेतली आहेत आणि कोणीही कोणावर चढलेले नाही. मग नवव्यासाठी त्याच्या आकड्याइतकीच घरे उरणार, मग आधीचे आयत कितीही चुकीच्या जागी असोत. घरांची मोजदाद कोडे उतरवताना झालेली चूक पकडते, पण चुकीच्या जागी आखलेला आयत तिला कधीच पकडता येत नाही.

पडद्यावर खेळणाऱ्यांना हाच धोका आणखी एका रूपात भेटतो. सायमन टॅटम यांच्या कोड्यांच्या संग्रहात हा प्रकार Rectangles या नावाने आहे. त्यात योग्य मापाचा आयत पुरा झाला की तो गडद होतो, आणि इतर काही ठिकाणीही अशाच प्रकारची खूण मिळते. ती खूण एवढेच सांगते की आयताचे माप त्याच्या आकड्याशी जुळले. आयत योग्य जागी आहे की नाही याविषयी ती काहीही सांगत नाही. वरच्या चुकीच्या जाळीतील आठही आयत तिथे निमूटपणे गडद झाले असते.

चूक कुठे शोधू नये

या टप्प्यावर हात आपोआप सर्वात शेवटी आखलेल्या आयतांकडे जातो. उरलेल्या घरांना लागून छ आहे, झ आहे, ज आहे. त्यांतील एखादा थोडा सरकवला तर जमेल असे वाटते. मी स्वतः बरीच वर्षे हेच करत होतो आणि दर वेळी खालच्या भागातच खोडाखोड करत बसायचो. परंतु शेवटी आखलेले आयत बहुधा आधीच्या आयतांनी भाग पाडल्यामुळेच तसे आखलेले असतात. वरच्या उदाहरणात झ आणि ट यांच्या बाबतीत थोडी निवड होती हे खरे, पण ती कशीही बदलली तरी घ ला जागा मिळत नाही, हे पुढे दिसेलच. अडचण जिथे दिसते आणि चूक जिथे झालेली असते, त्या दोन जागांमध्ये अनेक चालींचे अंतर असते. अशा वेळी चाली उलट क्रमाने मागे घेत जाणे हा सर्वात लांबचा रस्ता ठरतो.

चूक कशी शोधावी

ज्या आकड्याला जागा मिळाली नाही त्याच्याकडे परत जावे, आणि आपण आखलेल्या सर्व रेषा क्षणभर विसरून, मूळ कोऱ्या जाळीत त्या आकड्याचा आयत कुठे कुठे बसू शकला असता हे मोजावे. ही मोजणी वाटते तितकी किचकट नाही, कारण ‘नेमका एक आकडा’ या अटीमुळे बहुतेक जागा लगेच बाद होतात.

घ चा ६ चौथ्या ओळीत तिसऱ्या स्तंभात आहे. सहा घरांचे आयत चार आकारांचे असू शकतात: एक ओळ आणि सहा स्तंभ, सहा ओळी आणि एक स्तंभ, दोन ओळी आणि तीन स्तंभ, किंवा तीन ओळी आणि दोन स्तंभ. इतर आकडे नसते तर या जाळीत घ च्या एकूण चौदा मांडण्या झाल्या असत्या: लांब आडवी एक, लांब उभी एक, दोन ओळींच्या सहा आणि तीन ओळींच्या सहा. पैकी आडव्या लांब मांडणीत च चा आकडा येतो आणि उभ्या लांब मांडणीत झ चा, म्हणून त्या दोन्ही गेल्या. चौथा स्तंभ ज्यांत येतो अशा दोन ओळींच्या किंवा तीन ओळींच्या सर्व मांडण्या ग किंवा ज या आकड्यांना गिळतात, कारण ते दोघे चौथ्या स्तंभात घ च्या एक ओळ वर आणि एक ओळ खाली बसलेले आहेत. दोन ओळींच्या मांडणीत चौथ्या ओळीबरोबर तिसरी किंवा पाचवी ओळ येणारच, त्यामुळे दोघांपैकी एक जण आत सापडतोच. हीच गोष्ट तीन ओळींच्या मांडणीलाही लागू होते. म्हणजे घ ला उजवीकडे एक घरही सरकता येत नाही.

आता पहिल्या तीन स्तंभांतल्या मांडण्या पाहू. दोन ओळींची मांडणी तिसऱ्या व चौथ्या ओळीत पहिल्या तीन स्तंभांवर बसू शकते. तीच चौथ्या व पाचव्या ओळीत बसवली तर (५,१) वरचा छ आत येतो. तीन ओळींची मांडणी दुसऱ्या व तिसऱ्या स्तंभात दुसऱ्या ओळीपासून घेतली तर ख आत येतो, चौथ्या ओळीपासून घेतली तर झ आत येतो, आणि तिसऱ्या ओळीपासून घेतली तर कोणीच येत नाही. चौदांपैकी बारा मांडण्या अशा बाद झाल्या आणि दोनच उरल्या: तिसरी व चौथी ओळ, पहिले तीन स्तंभ, किंवा तिसरी ते पाचवी ओळ, दुसरा व तिसरा स्तंभ.

यानंतर चुकीच्या जाळीवर या दोन मांडण्या ठेवून, प्रत्येकीला कोण अडवतो ते पाहावे. पहिल्या मांडणीच्या (३,१) आणि (३,२) या घरांवर ख बसला आहे आणि तिच्या वाटेत दुसरे कोणीच नाही. दुसऱ्या मांडणीला (५,२) वर छ अडवतो आणि (३,२) वर पुन्हा ख अडवतो. छ हलवला तरी दुसरी मांडणी मोकळी होत नाही, कारण ख तिथेच राहतो. दोन्ही मांडण्यांना अडवणारा एकटा ख आहे, म्हणून चूक ख च्याच जागेत आहे. क, च, ट आणि झ यांची जागा बरोबर की चूक हे ठरवण्याची इथे गरजच पडली नाही.

दुसऱ्या बाजूने खात्री करून घ्यायची असेल तर उरलेल्या घरांपैकी एखाद्या घराला हाच प्रश्न विचारता येतो. (२,३) पर्यंत मूळ जाळीत ख किंवा ग हे दोघेच पोहोचू शकतात. ग ने (२,३) घेतले तर त्याचा चौरस तिसऱ्या व चौथ्या स्तंभात जातो आणि (२,५) त्याच्या हातून सुटते. चुकीच्या जाळीत क पहिल्या ओळीत आडवा असल्यामुळे (२,५) घेणारा दुसरा कोणीच नाही. म्हणजे (२,३) ख नेच घ्यायला हवे होते, आणि ख आपल्या तीन ओळींच्या मांडणीत ते सोडून बसला आहे. दोन वेगळ्या वाटांनी एकाच आयताकडे बोट जाते, तेव्हा शंकेला फारशी जागा उरत नाही.

या पद्धतीची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. अडलेल्या आकड्याच्या सर्व मांडण्यांना एकच आयत अडवत असेल तर निकाल पक्का असतो. मात्र पहिल्या मांडणीला एक जण आणि दुसरीला भलताच कोणी अडवत असेल, तर त्या दोघांपैकी किमान एक चुकीचा आहे एवढेच ठरते. अशा वेळी त्या दोघांपैकी कोण केवळ ‘बसतोय’ म्हणून आखला होता आणि कोण दुसरा पर्यायच नसल्यामुळे आखला होता, हे आठवणे उपयोगी पडते. कागदावर सोडवताना मी आयताच्या कोपऱ्यात चालीचा क्रमांक बारीक अक्षरात लिहितो आणि जिथे निवड केली असेल तिथे त्याच्याभोवती वर्तुळ काढतो. चूक मागे शोधायची वेळ आली की फक्त वर्तुळ असलेल्या चालींवरच संशय घ्यावा लागतो. पर्याय नसलेली चाल स्वतःहून चुकत नाही, ती चुकीच्या चालीवर उभी असेल तरच पडते.

खोडतानाही सगळे पुसण्याचे कारण नाही. ख चुकला म्हणून त्याच्या आधारावर उभे असलेले क, च, ट, झ आणि छ खोडावेत. ग आणि ज यांचे चौरस, जसे पुढे दिसेल, योग्य उत्तरातही तिथेच आहेत.

पुन्हा सोडवताना

मूळ चूक समजून घेतली तर उपाय वेगळा शिकावा लागत नाही. सोडवणाऱ्याने ख चे दोन पर्याय पाहिले, त्यातील एक निवडला आणि लगेच पूर्ण आयत आखला. दोन पर्याय असताना पूर्ण आयत आखणे म्हणजे अंदाज होय. तो अंदाज आहे हे जाळीवर नोंदले गेले नाही, म्हणून पुढे त्याचा विसर पडला. असे असले तरी दोन पर्याय असलेला आकडा निरुपयोगी नसतो. त्याच्या सर्व पर्यायांत जी घरे समान आहेत ती त्याचीच, हे आयत आखण्याआधीच निश्चित सांगता येते.

घ च्या दोन्ही मांडण्या पुन्हा पाहाव्यात. तिसरी व चौथी ओळ आणि दुसरा व तिसरा स्तंभ यांतली चार घरे, म्हणजे (३,२), (३,३), (४,२) आणि (४,३), दोन्हींमध्ये आहेत. घ शेवटी आडवा होवो की उभा, ही चार घरे त्याचीच राहणार. त्यांवर ठिपके द्यावेत आणि आयत मात्र आखू नये. एवढ्याने ख चा प्रश्न सुटतो, कारण ख ची तीन ओळींची मांडणी (३,२) वर येते आणि ते घर आता घ चे आहे. म्हणून ख पहिल्या दोन ओळींत, पहिल्या तीन स्तंभांवर, आणि ही निवड राहिलेली नाही.

यानंतर क कडे पाहू. (१,३) गेल्यामुळे त्याला दोन मार्ग आहेत: पहिल्या ओळीत चौथ्यापासून सहाव्या स्तंभापर्यंत आडवा, किंवा पाचव्या स्तंभात वरच्या तीन ओळींत उभा. उभा पर्याय बहुतेक जण पाहतच नाहीत, कारण कडेला असलेला आकडा कडेनेच जाईल असे उगाच वाटते. तो पर्याय बाद करायला कारण हवे, आणि ते असे आहे. क उभा राहिला तर (१,४) घेण्यासाठी ग ला चौथ्या स्तंभात पहिल्या ओळीपासून चौथ्या ओळीपर्यंत उभे राहावे लागेल, आणि (१,६) घेण्यासाठी च ला सहाव्या स्तंभात तसेच करावे लागेल. मग (४,५) या घराच्या डावीकडे ग, उजवीकडे च आणि वर क असेल. तिथे पोहोचू शकणारा एकटा ज आहे, आणि त्यासाठी ज च्या चौरसाला (४,४) हवे, जे ग ने घेतलेले आहे. म्हणून क आडवाच.

इथून पुढे रस्ता उताराचा आहे. (२,६) आता फक्त च घेऊ शकतो, म्हणून च दुसऱ्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत उभा. (५,६) गेल्यामुळे ट ला आडवे होऊन (६,५) आणि (६,६) घ्यावी लागतात. (२,५) फक्त ग ला मिळू शकते, म्हणून ग चा चौरस दुसऱ्या व तिसऱ्या ओळीत. (४,५) फक्त ज ला, म्हणून ज चा चौरस त्याच्या खाली. (६,४) साठी झ शिवाय कोणी नाही, आणि (६,५) गेल्यामुळे झ दुसऱ्यापासून चौथ्या स्तंभापर्यंत बसतो. मग (६,१) साठी छ ला पहिल्या स्तंभात तिसऱ्या ओळीपासून तळापर्यंत उभे राहावे लागते. घ चा आडवा पर्याय त्यामुळे बंद होतो आणि ठिपके दिलेल्या चार घरांना (५,२) व (५,३) मिळून त्याचा आयत पुरा होतो.

```
     १  २  ३  ४  ५  ६
१    ख  ख  ख  क  क  क
२    ख  ख  ख  ग  ग  च
३    छ  घ  घ  ग  ग  च
४    छ  घ  घ  ज  ज  च
५    छ  घ  घ  ज  ज  च
६    छ  झ  झ  झ  ट  ट
```

या वेळी बहुतेक चाली रिकाम्या घराकडून झाल्या, हे लक्षात येईल. ‘हा आकडा कुठे बसेल’ याऐवजी ‘या घरापर्यंत कोण पोहोचेल’ हा प्रश्न वारंवार विचारला गेला. ख च्या वेळीही (१,१) कडून विचार सुरू केला होता, मात्र तिथे उत्तर अर्धवट मिळाले आणि उरलेले अर्धे घ कडून आले. दोन्ही प्रश्न लागतात. रिकाम्या घराचा प्रश्न जाळीच्या कडांवर आणि कोपऱ्यांत लवकर उत्तर देतो, कारण तिथपर्यंत पोहोचणारे आकडे कमी असतात. समान घरांचा उपाय मध्यभागी, इतर आकड्यांनी वेढलेल्या मोठ्या आकड्यांसाठी जास्त कामाचा आहे.

याच कारणाने सुरुवात सर्वात मोठ्या आकड्यापासून करावी हा नेहमीचा सल्ला मला अपुरा वाटतो. या कोड्यात ६ दोन आहेत. ख ला कोऱ्या जाळीत बऱ्याच जागा मोकळ्या आहेत, अगदी दुसरी ओळ सबंध किंवा दुसरा स्तंभ सबंधही त्याला घेता येतो, कारण तिथे दुसरा आकडाच नाही. घ ला मात्र दोनच जागा आहेत. आकडा सारखाच असूनही एकाची कोंडी झाली आहे आणि दुसरा मोकळा आहे. म्हणून आकड्याच्या मोठेपणापेक्षा त्याच्या आजूबाजूची गर्दी पाहावी. ज्याच्या तीन किंवा चारही बाजूंना, एकदोन घरांच्या अंतरावर दुसरे आकडे आहेत, तो प्रथम तपासावा.

चूक तुमची नसेल तेव्हा

कधी कधी वरील सर्व काळजी घेऊनही दोन पर्याय शेवटपर्यंत तसेच राहतात, आणि दोन्ही बसतात. याच कोड्यात ज चा ४ एक घर उजवीकडे, म्हणजे (५,४) ऐवजी (५,५) वर असता, तर नेमके तसे झाले असते. बाकीचे सर्व आयत तिथेच ठेवून ग आणि ज यांचे दोन चौरस बसतात, तसेच दुसऱ्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत चौथ्या व पाचव्या स्तंभात दोन उभे आयतही बसतात. ग आणि ज मिळून चार ओळी आणि दोन स्तंभांचा एकच मोठा आयत व्यापतात, आणि तो आयत आडवा कापा किंवा उभा कापा, प्रत्येक तुकड्यात एक आकडा येतोच. म्हणून शेवटी अडकल्यावर, शेजारचे दोन आयत मिळून एक मोठा आयत होत असेल आणि तो दोन्ही दिशांनी तसा कापता येत असेल, तर दोष सोडवण्यात नसून कोड्यात आहे. छापील कोड्यात हे बहुधा आकडा चुकीच्या घरात उतरल्याचे लक्षण असते. Rectangles मध्ये मात्र नवे कोडे तयार करताना Ensure unique solution हा पर्याय बंद केलेला नाही ना, हे पाहावे. तो बंद असेल तर अशी कोडी मिळू शकतात, आणि त्यांवर वर दिलेली चूक शोधण्याची पद्धत लावण्यात अर्थ नाही, कारण शोधण्यासारखी चूक तिथे नसते.